‘कधीपर्यंत?’ विचारलंत, ‘कधीपासून?’ राहिलं

दिवाळी अंक काढणाऱ्या कचेरीत श्रावणाच्या सुमाराला एक यादी तयार होते. पूर्वी ती संपादकांच्या टेबलाच्या काचेखाली असायची, आता ती एक्सेलमध्ये किंवा कामांचा हिशेब ठेवणाऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये असते. लेख १५ ऑगस्टपर्यंत, संपादन १० सप्टेंबरपर्यंत, डीटीपी २० सप्टेंबरपर्यंत, मुद्रितशोधन ३० सप्टेंबरपर्यंत, जाहिराती ५ ऑक्टोबरपर्यंत. प्रेसवर पानं चढणार ८ ऑक्टोबरला. यादी नीट आहे, तारखा एकामागोमाग एक आहेत, दोन कामांमध्ये आठ-दहा दिवसांची ऐसपैस जागाही दिसते. फक्त त्यातली प्रत्येक तारीख ‘पर्यंत’ची आहे. ‘पासून’ची एकही नाही.

हीच यादी सॉफ्टवेअरला टाइमलाइनच्या रूपात दाखवायला सांगितली की त्याची पंचाईत होते. टाइमलाइन म्हणजे डावीकडे कामांची नावं, वर आडव्या तारखा आणि प्रत्येक कामासमोर एक पट्टी. पट्टीला दोन टोकं लागतात आणि आपण एकच दिलेलं असतं. मग काही साधनं मुदतीच्या दिवशी एक ठिपका किंवा एका दिवसाची चिमुकली पट्टी काढतात. काही ते काम चित्रात घेतच नाहीत. आणि काही साधनं सुरुवातीची तारीख स्वतःच ठरवून टाकतात, ते सगळ्यात घातक, पण त्याकडे पुढे येऊ. ठिपक्यांच्या चित्रात चौदा दिवसांचं मुद्रितशोधन आणि अर्ध्या दिवसाचं प्रेसला फाइल पाठवणं सारखंच दिसतं. कामाचा भार मोजणारा अहवाल काढला तर काही ठिकाणी ते चौदाच्या चौदा दिवस ३० सप्टेंबर या एकाच दिवसावर लादलेले दिसतात. आधीचा सगळा महिना रिकामा आणि शेवटच्या दिवशी डोंगर.

एक्सेलमध्ये तर याहून मजेशीर प्रकार होतो. तिथे टाइमलाइन काढायची रूढ युक्ती अशी, की आडव्या स्तंभालेखात सुरुवातीच्या तारखेचा भाग बिनरंगी ठेवायचा आणि त्यापुढे कामाच्या दिवसांचा भाग रंगवायचा. दिवस काढायचे मुदतीतून सुरुवात वजा करून. आता एक्सेलच्या लेखी तारीख हा नुसता एक आकडा असतो. १ जानेवारी १९०० म्हणजे १ आणि तिथून पुढे दिवस मोजत जायचं. ३० सप्टेंबर २०२६ त्या हिशेबात ४६२९५ येतो. सुरुवातीचा रकाना रिकामा राहिला, की एक्सेल तिथे शून्य धरतं आणि ते काम ४६ हजारांवर दिवसांचं होतं. टाइमलाइनवर डाव्या कडेपासून निघालेली एक रुंद पट्टी दिसते, जणू आपलं मुद्रितशोधन लोकमान्यांच्या काळापासून चालू आहे. अहवालात अशी पट्टी दिसली तर काम लांबलं म्हणून कुणाला धारेवर धरू नये, आधी तो रकाना भरलाय का ते पाहावं.

आता ‘पासून’ची तारीख काढायची कशी? बऱ्याच कचेऱ्यांत ती अंदाजाने टाकतात, म्हणजे आधीच्या कामाची मुदत संपली की दुसऱ्या दिवशी पुढचं काम सुरू. डीटीपी २० सप्टेंबरला संपणार, तो रविवार, म्हणून मुद्रितशोधन सोमवारी २१ तारखेला सुरू. दिसायला हे बिनचूक आहे. पण खरी तारीख उलट बाजूने, म्हणजे मुदतीकडून मागे मोजत यावी लागते.

अंक २२४ पानांचा धरू. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणजे चौदा फर्मे. मुद्रितशोधक एकच, आणि दोन्ही वाचनं धरून तो दिवसाला सरासरी एक फर्मा हातावेगळा करतो. म्हणजे कामाचे चौदा दिवस हवेत. ३० सप्टेंबर २०२६ बुधवारी येतो. तो पहिला धरून मागे चला. ३०, २९, २८, मग २७चा रविवार सोडून २६. २५ला अनंत चतुर्दशी, कचेरीला सुट्टी. २४ ते २१ असे चार दिवस, रविवार सोडून १९ पासून १५ पर्यंत पाच दिवस. १४ला गणेश चतुर्थी, १३ला रविवार. चौदावा दिवस पडतो शनिवारी, १२ सप्टेंबरला. एक्सेलला किंवा गूगल शीट्सला हेच मोजायला सांगायचं तर, मुदत C5 मध्ये आणि सुट्ट्यांच्या तारखा H2 ते H4 मध्ये आहेत असं धरून:

```
=WORKDAY.INTL(C5,-13,11,$H$2:$H$4)
```

यातला 11 म्हणजे आठवड्याची सुट्टी फक्त रविवारी. आणि काम चौदा दिवसांचं असूनही आकडा उणे तेरा आहे, कारण मुदतीचा दिवस हा स्वतः कामाचा दिवस आहे. तिथे उणे चौदा घातलं की सुरुवात एक दिवस उगीच आधी सरकते. चूक एकाच दिवसाची असते, पण ती प्रत्येक ओळीत होते.

१२ सप्टेंबर ही तारीख यादीत लिहिली आणि चित्र काढलं, की मुदतींच्या यादीत न दिसलेली गोष्ट समोर येते. मुद्रितशोधन १२ला सुरू व्हायला हवं आणि डीटीपीची मुदत आहे २०. दोन पट्ट्या एकमेकींवर चढल्या आहेत. मुदतींच्या यादीत या दोन कामांत दहा दिवसांचं अंतर दिसत होतं, ते अंतर कधी नव्हतंच. शिवाय मुद्रितशोधनाची पट्टी आख्ख्या गणेशोत्सवावरून जाते. हेही मुदत सांगत नाही, कारण ती एका दिवसाची असते आणि तो दिवस उत्सव आटोपल्यानंतरचा आहे. मुद्रितशोधक गणपतीला कोकणात जाणारा असेल आणि १४ ते १९ असा आठवडाभर नसेल, तर सुरुवात आणखी मागे, सोमवारी ७ सप्टेंबरला जाते. म्हणजे संपादनाची मुदत संपायच्याही आधी.

पट्ट्या एकमेकींवर चढल्या म्हणून योजना फसली असं मात्र नाही. छपाईच्या कामात हे रोजचं आहे. डीटीपीवाला सगळा अंक एकदम देत नाही, फर्मा तयार होईल तसा देतो. तेव्हा उपाय सरळ आहे. ‘डीटीपी, २० सप्टेंबर’ ही एक ओळ मोडायची आणि ‘पहिला फर्मा, ११ सप्टेंबर’ अशी एक नवी ओळ घालायची. पुढचे फर्मे त्यामागोमाग येत राहिले की झालं. मुदतींच्या यादीला ही ओळ कधीच सुचली नसती, कारण तिथे काही अडत नव्हतं.

समजा, ती ओळ कुणी घातली नाही. डीटीपी २० तारखेला वेळेत संपलं आणि मुद्रितशोधन २१ला सुरू झालं. २१ सप्टेंबरच्या सकाळी दोन अहवाल शेजारी ठेवून पाहा. पहिला, मुदत उलटलेल्या कामांचा. तो स्वच्छ आहे. संपादन झालं, डीटीपी झालं, मुद्रितशोधनाला अजून नऊ दिवस आहेत. संपादक निर्धास्त. दुसरा, टाइमलाइनचा, ज्यात योजलेली सुरुवात आहे. त्यात मुद्रितशोधनाची पट्टी १२पासून उघडी पडली आहे आणि तिच्यात अजून काही भरलेलं नाही. २१ ते ३० या काळात कामाचे दिवस मोजले तर आठच भरतात. उरलेले सहा फर्मे ऑक्टोबरात जातात, त्यात २ तारखेला गांधी जयंती. चौदावा फर्मा ८ ऑक्टोबरला हातावेगळा होतो, म्हणजे प्रेसवर पानं चढायची त्याच दिवशी. मुदतींचा अहवाल या कामावर लाल शेरा मारेल तो १ ऑक्टोबरला. टाइमलाइनला ते १२ सप्टेंबरलाच माहीत होतं. मधले अडीच आठवडे डीटीपीवाल्याकडे चार फर्मे लवकर मागता आले असते, दुसरा मुद्रितशोधक गाठता आला असता. १ ऑक्टोबरला दिवाळीच्या हंगामात प्रेसची तारीख पुढे मागणं म्हणजे रांगेत शेवटी जाऊन उभं राहणं.

अर्थात, यासाठी पट्टीत काम किती झालं हे कुणीतरी भरायला हवं. सुरुवातीची तारीख नुसती लिहून ठेवली आणि फर्म्यांची नोंद झाली नाही, तर तीही शोभेचीच राहते.

अहवाल महिन्यापुरता काढायचा झाला की आणखी एक गंमत होते. व्यवस्थापक म्हणतात, ‘सप्टेंबरची कामं काढून द्या.’ सप्टेंबरची म्हणजे कुठली? मुदत सप्टेंबरात असलेली निवडली तर संपादन, डीटीपी, मुद्रितशोधन येतं. जाहिराती मात्र गळतात, कारण त्यांची मुदत ५ ऑक्टोबर. सप्टेंबरात सुरू होणारी निवडली तरीही जाहिराती गळतात, कारण ते काम १ ऑगस्टपासून चालू आहे. अंकाचा खर्च ज्यावर निघायचा ते काम सप्टेंबरचा सगळा महिना चालतं आणि सप्टेंबरच्या कुठल्याच अहवालात नसतं. महिन्याला स्पर्श करणारं प्रत्येक काम हवं असेल तर अट दोन्ही तारखांवर लावावी लागते. महिना संपायच्या आत सुरू झालेलं आणि महिना लागायच्या आधी न संपलेलं:

```
=AND(B2<=DATE(2026,9,30),C2>=DATE(2026,9,1))
```

इथे B मध्ये सुरुवात आणि C मध्ये मुदत आहे. या अटीत रिकाम्या रकान्याचा खेळ बघण्यासारखा आहे. सुरुवात रिकामी असेल तर एक्सेल पुन्हा शून्य धरतं, शून्य कुठल्याही महिन्याच्या आधीचंच असतं, आणि डिसेंबरात करायचं हिशेबतपासणीचं कामसुद्धा सप्टेंबरच्या यादीत येऊन बसतं. मुदत रिकामी असेल तर उलटं. शून्य कधीच सप्टेंबरनंतरचं नसतं, त्यामुळे ते काम कुठल्याच महिन्याच्या अहवालात दिसत नाही. एक काम सगळीकडे हजर, दुसरं बेपत्ता, आणि दोन्हींचं कारण एकेक न भरलेला रकाना. माझ्या मते पहिली चूक बरी. नको ते काम यादीत दिसलं तर कुणीतरी विचारतं तरी. न दिसलेल्या कामाबद्दल कोण विचारणार?

आता वर सोडलेला मुद्दा, सॉफ्टवेअरने आपणहून भरलेल्या सुरुवातीचा. रेडमाइन नावाचं एक मोफत साधन २००६पासून आहे आणि बऱ्याच छोट्या कंपन्या ते वापरतात. त्यात नवीन काम नोंदवताना सुरुवातीच्या रकान्यात आजची तारीख आधीच भरलेली येते. ही सोय बंद करता येते, पण मुळात ती चालू असते. समजा, १ ऑगस्टला बसून कुणी सगळ्या अंकाची कामं एका दमात नोंदवली. ‘बाइंडिंग, मुदत २१ ऑक्टोबर’ असं लिहिलं आणि सुरुवातीकडे पाहिलंच नाही. तिथे १ ऑगस्ट बसला. रेडमाइनच्या टाइमलाइनमध्ये झालेलं काम हिरवं, आजपर्यंत व्हायला हवं होतं पण झालं नाही ते लाल, आणि पुढचं राखाडी असतं. १ सप्टेंबरला तुम्ही ते चित्र उघडलंत तर बाइंडिंगची पट्टी जवळजवळ बारा आठवडे लांब, आणि त्यातला आख्खा ऑगस्ट लाल. पानं अजून छापायची आहेत, बाइंडिंग करणाऱ्याचा काही दोष नाही, तरी चित्र म्हणतं हा माणूस महिनाभर मागे आहे. इथे खरं बोलतो तो मुदतींचा अहवाल. अशा लाल पट्ट्या ओळखायची एक साधी खूण आहे. वीस कामांची सुरुवात एकाच दिवशी असेल आणि तो यादी टाइप केल्याचा दिवस असेल, तर ती सुरुवात कामाची नव्हे, टायपिंगची आहे.

मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्टमध्ये अडचण वेगळीच आहे. तिथे सॉफ्टवेअरवर तारखा मांडायचं काम सोपवलं असेल, तर तुम्ही `Start` रकान्यात हाताने तारीख घातली की त्या कामावर `Start No Earlier Than` ही अट बसते, म्हणजे ‘या दिवसाच्या आधी सुरू करू नका’. हे समजण्यासारखं आहे. पण `Finish` रकान्यात मुदत म्हणून ३० सप्टेंबर घातलीत तर बसते `Finish No Earlier Than`. तुमच्या मनात होतं ‘याच्या नंतर नको’ आणि सॉफ्टवेअरने ऐकलं ‘याच्या आधी नको’. परिणाम असा, की डीटीपी लवकर झालं तरी मुद्रितशोधनाची पट्टी ३०च्या आत यायला तयार नाही. आणि डीटीपी लांबलं, पट्टी ८ ऑक्टोबरपर्यंत घसरली, तर सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही, कारण अट मोडलेलीच नाही. मुदतीसाठी तिथे `Deadline` नावाचा निराळा रकाना आहे. त्यात तारीख घातली की पट्टीला कुणी ओढत नाही. ३० तारखेवर एक हिरवा बाण उभा राहतो, पट्टी त्याच्या पुढे गेली की ओळीच्या सुरुवातीला लाल खूण येते. पट्टी काम कुठे चाललंय ते सांगते, बाण कुठे थांबायला हवं ते. या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबल्या की अहवालातून नेमकी त्यांच्यातली फारकत नाहीशी होते, आणि अहवाल तर तिच्यासाठीच पाहायचा असतो.

ही जाण जुनी आहे. ज्याच्या नावाने असल्या आलेखाला आजही गँट चार्ट म्हणतात, तो अमेरिकन इंजिनिअर हेन्री गँट १९१९ साली वारला, आणि त्याचा सहकारी वॉलेस क्लार्क याने १९२२ साली त्याच्या पद्धतीवर पुस्तक लिहिलं. त्यातल्या तक्त्यांवर काम कधी सुरू व्हायचं तिथे उजवीकडे उघडणारा काटकोन असतो आणि कधी संपायचं तिथे डावीकडे उघडणारा. प्रत्यक्ष काम किती झालं याच्या रेषा त्या दोन खुणांच्या मध्ये वेगळ्या ओढायच्या. तक्ता कागदावर असल्यामुळे एक फायदा आपसूक मिळायचा, शाईने काढलेला काटकोन सहज सरकवता येत नसे.

पडद्यावरची पट्टी मात्र माउसने सरकते. २१ सप्टेंबरला मुद्रितशोधन खरोखर सुरू झालं म्हणून कुणी इमानदारीत पट्टीची डावी कड १२वरून २१वर आणून ठेवतो. त्या क्षणी टाइमलाइन निरोगी दिसू लागते. काम २१ला सुरू व्हायचं होतं आणि २१लाच झालं. पट्टी आखूड झाली, आठ दिवसांत चौदा फर्मे बसवायचे आहेत, पण पट्टीच्या लांबीवर फर्म्यांची संख्या लिहिलेली नसते. पट्टी मधोमध धरून ओढली तर दोन्ही तारखा सरकतात आणि मुदतही गुपचूप ऑक्टोबरात जाते. मग दोन्ही अहवाल एकदम हिरवे. कडेला धरणं आणि मध्याला धरणं यातला फरक बोटभर असतो. म्हणून योजलेली सुरुवात एका रकान्यात आणि झालेली सुरुवात दुसऱ्या रकान्यात ठेवावी. प्रोजेक्टमध्ये योजनेची प्रत `Baseline` म्हणून गोठवून ठेवता येते, एक्सेलमध्ये एक जादा स्तंभ पुरतो.

मग प्रत्येक कामाला दोन्ही तारखा द्यायच्या का? तसा हट्ट नको. मुखपृष्ठाचं चित्र बाहेरचा चित्रकार काढतो. तो कधी बसणार, किती दिवस घेणार, हे कचेरीच्या हातात नाही आणि तो सांगणारही नाही. ज्येष्ठ कवीची कविता, मोठ्या जाहिरातदाराचा मजकूर, हेही तसंच. अशा ओळींत ‘सुरुवात’ म्हणून काहीतरी तारीख ठोकून दिली तर टाइमलाइनवर एक लांब, भरभक्कम पट्टी येते आणि पाहणाऱ्याला वाटतं की कुणीतरी तिथे रोज काम करतंय. तिथे ठिपकाच बरा. हवं तर त्याच्या दहा दिवस आधी ‘आठवणीचा फोन’ अशी कचेरीची स्वतःची एक ओळ घालावी. ते काम एका दिवसाचं, कुणी करायचं ते ठरलेलं, आणि त्याची सुरुवात व मुदत एकच.